पत्रलेखन स्पर्धा: पत्र मुलानंच लिहिलंय हे कसं ओळखायचं?

वाचनालय_बालाघाट · ९ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. केजच्या पुढं डोंगरपट्ट्यात आमचं एक छोटं सार्वजनिक वाचनालय आहे. चार वर्षांपासून आम्ही पाचवी ते सातवीच्या मुलांची पत्रलेखन स्पर्धा घेतो. यंदाचा विषय होता 'हंगामाला गेलेल्या वर्गमित्राला पत्र'. दसरा झाला की आमच्याकडची निम्मी घरं कोयता घेऊन कारखान्यांवर जातात, त्यामुळं विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. पत्र घरून लिहून आणायचं, एक पान. ११८ पत्रं आली. पहिलं बक्षीस ७०० रुपये आणि पुस्तकं. वाटप २६ जानेवारीला झेंड्यानंतर.

आता घोळ असा झालाय. सातवीतल्या एका मुलीच्या पत्रात हे आहे: 'तुमच्या घराच्या कुलपाला आम्ही रोज हात लावून शाळेला जातो. ते गार असतं.' आमचे एक परीक्षक, निवृत्त मुख्याध्यापक, म्हणतात की हे सातवीच्या पोरीचं वाक्यच नाही, कुणीतरी मोठ्यानं लिहून दिलंय. दुसऱ्या परीक्षक बाई म्हणतात की मोठ्या माणसाला हे सुचणारच नाही. दोघंही हट्टाला पेटलेत. त्यात तिच्या शाळेतून आलेल्या ९ पत्रांत एक परिच्छेद जवळपास सारखा आहे, 'शिक्षण ही काळाची गरज आहे' असा सुरू होणारा. तो हिच्याही पत्रात आहे. त्यामुळं मुख्याध्यापक म्हणतात, अख्खा गठ्ठाच बाद करा.

पोरीला समोर बसवून 'तूच लिहिलंस का गं' असं विचारायला माझी जीभ रेटत नाही. तुमच्याकडं काय करतात?

परभणीची_मिरची · रात्री ९:५२

'शिक्षण ही काळाची गरज आहे' हे मी चौथीत लिहिलं, माझ्या धाकट्या भावानं लिहिलं, आता माझा पोरगा लिहायलाय. काळाची गरज काही संपंना बाबा.

तात्या_लातूर · रात्री १०:१५

एवढा काथ्याकूट कशाला? शाळेतून त्या मुलीची गृहपाठाची वही मागवा आणि अक्षर ताडून बघा. मी ३१ वर्षं वर्गात काढली आहेत. वेलांटी, उकार आणि 'र'चं वळण कुणाला लपवता येत नाही. अक्षर जुळलं तर पत्र तिचं, नाही जुळलं तर बाद. आम्ही तालुक्याच्या निबंध स्पर्धेत हेच करायचो आणि कधी तक्रार आली नाही.

आईसाहेब_नांदेड · रात्री १०:४८

तात्या, तक्रार आली नाही कारण तक्रार करायची कुणाकडं हेच आम्हाला माहीत नसतं. माझ्या मुलाला बोलताना ऐकाल तर ऐकत राहाल, पण हातात पेन धरलं की तीन ओळींत त्याचा हात दुखतो आणि अक्षरं एकमेकांवर चढतात. डॉक्टरांचा कागद आहे आमच्याकडं. पाचवीत असताना त्यानं सांगितलं तसं मी लिहून घेतलं, एक शब्द माझा घातला नाही. आयोजकांनी वही मागवली, अक्षर जुळलं नाही, बाद. आणि त्याच स्पर्धेत ज्याला बक्षीस मिळालं त्याच्या बापानं पत्र लिहून दिलं होतं आणि पोरानं सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं होतं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्याचं अक्षर मात्र वहीशी तंतोतंत जुळलं. बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना लेखनिक देतात. गल्लीतल्या स्पर्धेला ते का जमत नाही?

मुद्रितशोधक · रात्री ११:३०

आईसाहेबांनी मुद्द्यालाच हात घातला. अक्षरावरून पेन कुणाच्या हातात होतं एवढंच कळतं. वाक्य कुणाच्या डोक्यातलं हे त्यावरून कळत नाही. सकाळी निवांत लिहितो, ड्युटी संपायची आहे.

पप्पा_एकनंबर · १० जानेवारी, सकाळी ७:०५

पर्यावरण संवर्धन या विषयावर आठवीसाठी ३०० शब्दांचा निबंध कुणाकडं असेल तर प्लीज टाका. आज शेवटची तारीख आहे.

परभणीची_मिरची · सकाळी ७:११

@वाचनालय, हे घ्या. आरोपी स्वतःहून हजर झाला.

पप्पा_एकनंबर · सकाळी ७:२०

यात हसण्यासारखं काय आहे? पोरगं सकाळपासून रडतंय. शाळेत प्रत्येकानं द्यायचाच आहे म्हणले.

मुद्रितशोधक · सकाळी ११:१०

संभाजीनगरात एका दैनिकात मी २२ वर्षं मुद्रितं तपासतोय आणि त्यातली बरीच वर्षं शाळांच्या निबंध स्पर्धांचे गठ्ठेही माझ्याकडंच येतात. चुका बघणं हाच आमचा धंदा, म्हणून मी पत्रातली चांगली वाक्यं सोडून आधी चुका बघतो.

चूक एकतर कानाची असते, नाहीतर डोळ्याची. 'पानी', 'कोनी', 'आनि', 'गेलतो' ही कानाची. पोरगं जसं बोलतं-ऐकतं तसं लिहितं. डोळ्याची चूक कुणाचा तरी कागद समोर ठेवून उतरवताना होते. मोठ्यांच्या घाईच्या अक्षरात 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म', 'ष' आणि 'प' सारखेच दिसतात. एका पोरानं शेवटी 'आपला आज्ञाघारक' असं लिहिलं होतं, आणि वर दोन ठिकाणी 'आघार', 'निराघार'. स्वतःच्या 'धन्यवाद'मध्ये मात्र 'ध' नीट होता. म्हणजे 'ध' त्याला येत होता, त्या कागदावरचा 'ध' त्याला लागत नव्हता.

ओळ गळणं ही याहून पक्की खूण. मूळ कागदावर एकच शब्द दोन ओळींत आला की उतरवणाऱ्याची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारते. मग वाक्य असं होतं: 'आजोबा म्हणाले की यंदा पाऊस आल्यावर आम्ही सगळे भिजलो.' पहिल्या 'पाऊस'नंतर दुसऱ्या 'पाऊस'पर्यंतचं सगळं गेलं. मनातून लिहिणारं पोरगं वाक्य अर्धवट सोडेल, लांबवेल, पण ते असं मधूनच जोडणार नाही, कारण काय सांगायचंय हे त्याला माहीत असतं.

खाडाखोडीचंही तसंच. उतरवणारा अर्धा शब्द चुकवतो, खोडतो आणि तोच शब्द पुन्हा लिहितो. मनातून लिहिणारा शब्द खोडून दुसराच घालतो. 'वाईट वाटते' खोडून 'करमत नाही' असं दिसलं की मी तिथं पेन्सिलीनं बरोबरची खूण करतो.

पण हे सगळं धरून चाललात तर दोन ठिकाणी फसाल. मोठ्यानं तोंडी सांगितलं आणि पोरानं लिहून घेतलं तरी चुका कानाच्याच होणार. आणि पोरानं स्वतःच्याच रफ वहीतून पत्र सुवाच्य करून काढलं तर चुका डोळ्याच्या होतील, पण पत्र त्याचंच. म्हणून मी फक्त साफ प्रतीवरून कधीच निकाल देत नाही, रफ कागद मागतो. तो बहुतेक मुलांकडं असतो. कुणी मागतच नाही.

तात्या_लातूर · दुपारी १२:०२

'आज्ञाघारक' मी शेकड्यानं पाहिलेत आणि ते अस्सल पोरांचे होते. 'ध' आणि 'घ' आपल्या पोरांना सातवीपर्यंत घोळवतातच.

मुद्रितशोधक · दुपारी १२:२०

बरोबर आहे तात्या. म्हणून त्याच पानावर दुसऱ्या शब्दांत तो नीट आहे का ते बघायचं. सगळीकडं चुकला असेल तर ती सवय. एका चुकीवर कुणाला धरू नये.

गोदाकाठ · दुपारी १:३५

७०० रुपयांच्या बक्षिसाला एवढी सीआयडी? एक ओळ लिहून घ्या पोरांकडून, 'हे पत्र माझे स्वतःचे आहे', विषय संपला. टपाल खात्याच्या स्पर्धेतही असंच प्रमाणपत्र लिहून घेतात ना. माझ्या पुतणीनं लिहिलं होतं, मी स्वतः पाहिलंय.

डाकघर_जालना · दुपारी ३:१५

गोदाकाठ भाऊ, ते प्रमाणपत्र वयाचं असतं. 'ढाई आखर' स्पर्धेत १८ वर्षांपर्यंतचा गट वेगळा आणि १८ वरचा वेगळा, म्हणून पत्रातच 'माझे वय १८ पेक्षा कमी आहे' किंवा 'जास्त आहे' असं लिहायला सांगतात. अंतर्देशीय पत्रावर ५०० शब्दांपर्यंत, पाकिटातून ए-४ कागदावर १००० शब्दांपर्यंत, आणि हातानंच लिहिलेलं पाहिजे. निवड झाली तर वयाचा पुरावा मागतात. लेखन कुणाचं याबद्दल त्या ओळीत अक्षरही नाही. मी नोकरीत असताना पालक बरोबर हाच गैरसमज करून घ्यायचे.

आमच्याकडचीच दुसरी स्पर्धा बघा. जागतिक टपाल संघटना १९७१ पासून मुलांची आंतरराष्ट्रीय पत्रलेखन स्पर्धा घेते, वय ९ ते १५. आपल्याकडं तिची निवड केंद्रावर बसवून होते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळात, पर्यवेक्षकासमोर पत्र लिहायचं. पत्र कुणाचं हा प्रश्नच उरत नाही. पण त्यालाही किंमत मोजावी लागते. केंद्र असतं शहरात. तुमच्या डोंगरातलं पोरगं तिथं येणार कसं? मी दोन वर्षं केंद्रावर होतो, आलेली मुलं जवळपास सगळी शहरातल्या शाळांची. घरून लिहायला दिलं तर लांबचीही येतात, आणि मग त्यांच्याबरोबर काका-मामाही येतात.

परभणीची_मिरची · दुपारी ३:२२

काका-मामा 😄 आमच्यात आत्या लिहिते. आत्या बीएड आहे.

वाचनालय_बालाघाट · सायंकाळी ६:५०

सगळ्यांचे आभार. मुद्रितशोधक साहेब, रफ कागदाचं पत्रकात लिहिलं नव्हतं, आता मागितला तर चालेल का? आणि त्या सारख्या परिच्छेदाचं काय करू? काही वाक्यं अवतरणचिन्हांत टाकून गुगलवर शोधली, तर तशीच्या तशी सापडली नाहीत.

मुद्रितशोधक · रात्री ८:०५

सापडणार नाहीत, ती फळ्यावरची आहेत. एक काम करा. नऊच्या नऊ पत्रं सतरंजीवर शेजारी-शेजारी मांडा. जे वाक्य दोनपेक्षा जास्त पत्रांत आहे त्याखाली लाल पेन्सिल मारा. मग लाल सोडून उरलेलंच वाचा. उरेल ते मुलाचं असण्याची शक्यता जास्त. आज बक्षीस-बिक्षीस डोक्यात आणू नका, फक्त मांडा.

दोनशिक्षकी · रात्री १०:३०

मी झेडपीच्या शाळेवर आहे, तुमच्याच जिल्ह्यात. फळ्यावर लिहून देणारा तो शिक्षक मी नाही, पण असू शकलो असतो. आमच्याकडं सात वर्ग आणि आम्ही दोघं. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो, 'अमुक स्पर्धेसाठी शाळेतून किमान २० प्रवेशिका, परवा फोटोसह'. ज्या पोरानं जन्मात पत्र पाहिलं नाही, त्याच्या घरी पत्र येतच नाही, त्याला मायना म्हणजे काय हे फळ्यावर लिहूनच सांगावं लागतं. आपण लिहून दिलेला नमुना पोरं पूर्णच्या पूर्ण उतरवतात, कारण फळ्यावरचं सगळं उतरवायचं असतं हेच आपण त्यांना पहिलीपासून शिकवलंय.

माझी चूक मला कळली ती अशी. मी नमुना त्याच विषयावर द्यायचो. आता स्पर्धेचा विषय पाऊस असला की फळ्यावर मामाला लग्नाचं आमंत्रण लिहितो. मायना, मांडणी, शेवट सगळं दिसतं, पण उतरवून उपयोग नसतो. तरी एकानं उतरवलंच. पावसाच्या पत्रात शेवटी 'लग्नाला सहकुटुंब यावे'.

तात्या_लातूर · रात्री १०:४१

हे मात्र झकास.

वाचनालय_बालाघाट · ११ जानेवारी, रात्री ९:१५

मांडली. बायकोनं विचारलं पत्ते खेळायला बसलात का. नऊ पत्रांत मायना एक, 'तू कसा आहेस, आम्ही सर्व येथे मजेत आहोत' एक, शिक्षणाच्या परिच्छेदाची चार वाक्यं त्याच क्रमानं, आणि शेवट एक. पाच पत्रांखाली तर ई-मेलचा पत्तासुद्धा आहे, abc@xyz.com. हल्ली दहावीच्या पत्रलेखनात ई-मेल लिहावा लागतो, तोच नमुना सातवीच्या फळ्यावर आलेला दिसतोय. उसाच्या फडावर ई-मेल!

लाल मारल्यावर सहा पत्रांत जेमतेम एक-दोन ओळी उरल्या. त्यातली एक: 'तुझी बकरी आमच्यात बांधली आहे, ती माझ्या आईला मारते.' हे सरांचं नक्कीच नाही. दोन पत्रांत चार-पाच ओळी उरल्या. आणि त्या मुलीच्या पत्रात ११ ओळी. कुलूप त्या अकरात आहे. मैत्रिणीची पाटी माळवदावर राहिली आणि पावसात तिच्यावरचं नाव गेलं, तेही त्यातच.

म्हणजे मुख्याध्यापकांना ज्याचा संशय आला ते दुसऱ्या कुठल्याच पत्रात नाही. आणि ज्या परिच्छेदाला त्यांनी पहिल्या वाचनात 'उत्तम विचार' म्हणून गुण दिले होते, तोच दुसऱ्याचा निघाला. त्यांना फोन केला. ते म्हणाले, ११ ओळी घरच्या मोठ्यांनी दिल्या नसतील कशावरून? आता हेही खोटं नाही.

गोदाकाठ · रात्री ९:३३

मान्य, माझी एक ओळीची हमी फुकट गेली. abc@xyz.com वर पत्र टाकून बघा, उत्तर आलं तर प्रश्नच मिटला.

मुद्रितशोधक · रात्री १०:२०

मुख्याध्यापकांचा प्रश्न रास्त आहे, वजाबाकीनं त्याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी मुलं समोर पाहिजेत. पण एकट्या त्या मुलीला बोलावू नका. वरच्या १०-१२ जणांना सगळ्या शाळांतून बोलवा आणि सरळ 'दुसरी फेरी' म्हणा. तिथं नवा विषय देऊ नका. त्यांना सांगा, 'तुमचं पत्र तुमच्या मित्राला मिळालं. आता त्यानं पाठवलेलं उत्तर तुम्ही लिहा.' अर्धा तास. स्वतःचं पत्र बघायला द्यायचं नाही.

ज्यानं पत्र मनातून लिहिलंय त्याला आत काय होतं ते आठवतंच, कारण उत्तर त्याच गोष्टींचं द्यायचंय. बकरीवाल्याच्या उत्तरात बकरी येणारच. ज्यानं नुसतं उतरवलंय तो 'तुझे पत्र मिळाले, वाचून आनंद झाला' याच्या पुढं सरकत नाही.

आईसाहेब_नांदेड · रात्री १०:५५

पण अनोळखी हॉल, घड्याळ, समोर तीन मोठी माणसं. माझा मुलगा तिथं गोठून जाईल. चांगलं लिहिणारी मुलंसुद्धा बसवल्यावर फरशीसारखी कोरडी लिहितात. मग तुम्ही म्हणणार, बघा, घरचं पत्र त्याचं नव्हतं.

मुद्रितशोधक · रात्री ११:०५

ताई, म्हणून उत्तर किती छान लिहिलं हे बघायचंच नाही. गुणही द्यायचे नाहीत. पहिल्या पत्रातल्या गोष्टी यात येतात का एवढंच. आणि लिहिता येत नसेल त्याच्याशी दोन मिनिटं बोला, आईबाप बाहेर. 'कुणी लिहून दिलं' हा प्रश्न नको. 'पाटी माळवदावर कशी गेली?' असं विचारा. शब्दांचे अर्थ विचारत बसू नका, त्यानं परीक्षा होते.

दोनशिक्षकी · रात्री ११:२०

आणि चहा-बिस्कीट आधी द्या, नंतर नाही. अनुभवाचे बोल.

परभणीची_मिरची · १४ जानेवारी, सकाळी ८:३०

तिळगूळ घ्या, गोड बोला. तात्या आणि मुद्रितशोधक, खास तुम्हा दोघांना.

तात्या_लातूर · सकाळी ९:०२

आम्ही गोडच बोलतो. अक्षराचं मात्र मी सोडणार नाही. निदान मोठ्या बहिणीनं लिहून दिलेलं तरी पकडता येतं.

पप्पा_एकनंबर · सकाळी ९:४०

मोठ्या बहिणीनं नुसतं सुवाच्य करून दिलं असेल तर? आमच्यात तेच झालं. पर्यावरणाचं शेवटी पोरानंच सांगितलं, आमच्या विहिरीवरच्या बाभळीचं, आणि मोठीनं उतरवून दिलं. २०० शब्दच झाले.

मुद्रितशोधक · सकाळी ९:५५

पप्पा, रफ कागद जपून ठेवा.

वाचनालय_बालाघाट · १९ जानेवारी, रात्री ९:००

काल रविवारी दुसरी फेरी झाली. १२ मुलांना बोलावलं, ११ आली. बिस्कीट आधी दिलं. सोबत रफ वही आणायला सांगितलं होतं, सात जणांनी आणली.

ज्या मुलीवरून हे सगळं सुरू झालं, तिनं अर्ध्या तासात पाच ओळी लिहिल्या. खरं सांगायचं तर मला आधी धस्स झालं. शुद्धलेखनाच्या चुका, मध्येच एक शब्द सोडलेला. पण त्या पाच ओळींत हे होतं: 'आम्ही आलो तवा रात्र होती. कुलुप गारच होतं. पाटीवर माझं नाव तू परत लिही.' रफ वहीत आधी 'कुलूप थंड असते' लिहून 'थंड असते' खोडलेलं आणि वर 'गार असतं'. मुख्याध्यापकांनी वही दोनदा उलटून पाहिली. मग बाईंनी तिला विचारलं की कुलपाला हात का लावता? ती म्हणाली, मैत्रिणीच्या आईनं जाताना सांगितलं होतं, कुलूप नीट लागलंय का बघत जा म्हणून. म्हणजे आम्हाला ज्यात काव्य दिसलं, ती पोरींना सांगितलेली राखण होती.

मुख्याध्यापक तेवढ्यावर पूर्ण गप्प बसले नाहीत. फळ्यावरचा परिच्छेद पत्रात आहे म्हणून पहिला नंबर देऊ नये असं त्यांचं मत राहिलंच. शेवटी ठरलं की लाल पेन्सिलीतलं कुणाचंच धरायचं नाही, ना गुणाला ना दंडाला. उरलेल्यावर क्रम लावला तर तीच पहिली. बकरीवाला उत्तेजनार्थमध्ये आला, दोनच ओळींवर.

अडकलोय ते एका मुलापाशी. तालुक्याच्या शाळेतला, पहिल्या फेरीत तिसरा. पत्र अत्यंत नेटकं, फळ्यावरचं काही नाही, चूक एकही नाही. उत्तरात त्यानं लिहिलं, 'तुझे पत्र मिळाले, वाचून आनंद झाला, तू खूप अभ्यास कर.' मूळ पत्रातली एकही गोष्ट नाही. रफ वही हरवली म्हणाला. वडील म्हणतात, दोन दिवस ताप होता. ताप होता हे खरं, पोराचं तोंड उतरलेलं होतं. काय करू?

तात्या_लातूर · रात्री ९:२२

बाद. तुमचीच पद्धत आहे, आता मागं का फिरता?

आईसाहेब_नांदेड · रात्री ९:३०

तापातल्या पोराला बाद करणार? दुसऱ्या दिवशी घरी जाऊन दोन मिनिटं बोला त्याच्याशी, मग ठरवा.

मुद्रितशोधक · रात्री १०:१०

माझा कल तात्यांकडं आहे, पण तुम्हाला बाद करता येणार नाही. रफ वही आणि दुसरी फेरी पत्रकात नव्हती. खेळ सुरू झाल्यावर नियम केला तर तो क्रम लावायला वापरता येतो, कुणाला बाहेर काढायला नाही. त्याला त्याच्या जागी ठेवा किंवा तिसरं दोघांत विभागा. आणि पुढच्या पत्रकात पहिल्याच ओळीत लिहा: रफ कागद सोबत जोडावा, निवडक मुलांना बोलावलं जाईल, दुसऱ्यानं लिहून घेतलं असेल तर त्याचं नाव लिहावं.

दोनशिक्षकी · रात्री १०:२५

'दुसऱ्यानं लिहून घेतलं असेल तर' हे घालाच. नांदेडच्या ताईंच्या पोरासाठी.

वाचनालय_बालाघाट · २० जानेवारी, सकाळी ७:४५

ठीक. तिसरं दोघांत विभागतो. मनाला पटलंय असं नाही, पण पत्रकात नव्हतं हे खरं. त्याच्या घरी उद्या जाऊन येईन, चौकशीला नाही, तापाचं विचारायला.

डाकघर काका, एक शेवटचं. ती मुलगी जाताना मला म्हणाली, 'सर, माझं पत्र तिला कधी मिळेल?' तिला वाटलं होतं की आम्ही ते पाठवणार आहोत. ११८ पैकी एकही पत्र आम्ही पोस्टात टाकलेलं नाही, चार वर्षांत कधीच नाही. मैत्रीण मे महिन्याच्या आत काही येत नाही. फडाचा पत्ता काय लिहायचा?

डाकघर_जालना · सकाळी ९:३०

टोळी हलती असते, फडाचा पत्ता टिकत नाही. कारखान्याचं नाव, त्यांचं शेतकी गट ऑफिस, गाव, तालुका आणि पिनकोड लिहा. वर मुलीच्या वडिलांचं नाव आणि 'मुकादम अमुक यांची टोळी' असं ठळक. मुकादमाचं नाव नसेल तर पत्र गट ऑफिसातच पडून राहतं. मूळ प्रत वाचनालयात ठेवा आणि मुलीकडून अंतर्देशीयवर पुन्हा लिहून घ्या, अडीच रुपयांत जातं. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता वाचनालयाचा टाका, म्हणजे नाही पोचलं तर तुमच्याकडं परत येईल.

वाचनालय_बालाघाट · सकाळी ९:४१

पुन्हा लिहिताना शिक्षणाचा परिच्छेद ठेवायचा का, असं तिनं आत्ताच फोनवर विचारलं. मी म्हणलं, तुझी मर्जी.